हॉस्टेलमधली टोपणनावं आणि शिव्या: मस्करी कुठे संपते? ज्युनियर मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन बॅच हॉस्टेलला राहायला आली की पहिल्या काही दिवसांत कॉमन रूममध्ये मी त्यांच्याशी बोलतो. विषय एकच असतो: एकमेकांना काय नावानं हाक मारायची आणि काय बोलायचं नाही. मी फायनल इयरला आहे, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षापासून राहतोय. भाषण संपलं की समोर फारसं कुणी विचारत नाही. प्रश्न नंतर येतात, मेसच्या रांगेत, जिन्यात, रात्री मेसेजवर. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

मग काय टोपणनावं ठेवायचीच नाहीत?

ठेवा की. आमच्या विंगमध्ये एक ‘लातूर’ आहे, एक ‘मास्तर’ आहे, आणि फिजिक्सचं कुठलंही गणित तोंडी सोडवतो म्हणून एक ‘सूत्र’ आहे. ‘लातूर’ स्वतः फोनवर “अरे, मी लातूर बोलतोय” असं सांगतो. घरून आई आली तेव्हा तिच्यासमोरही सगळ्यांनी त्याला त्याच नावानं हाक मारली आणि ती माउली हसली. अशा नावांनी हॉस्टेल आपलंसं होतं.

मी नावाचा अर्थ तपासत बसत नाही. मी एवढंच बघतो की ते नाव थांबवणं कुणाच्या हातात आहे. ज्याला नाव पडलंय तो “हे नको रे” म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत ते बंद झालं, तर ती मस्करी होती. “नको” म्हटल्यावर तेच नाव दुप्पट जोरात, कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांनी ऐकू यायला लागलं, तर मस्करी तिथेच संपली. आपल्या हॉस्टेलांमध्ये एक जुनी रीत आहे: ‘चिडला म्हणजे नाव पक्कं झालं.’ सगळा घोळ या एका वाक्यात आहे. माणसाला दुखतंय हे कळणं म्हणजे पुढे चालू ठेवायची परवानगी, असा त्याचा अर्थ होतो. ही रीत मोडायची, एवढ्यासाठीच मी दरवर्षी बोलायला उभा राहतो.

पण ज्याला नाव ठेवलंय तो स्वतःच हसतो. मग प्रॉब्लेम काय?

पहिल्या सेमिस्टरला आलेल्या मुलाकडे हसण्यावाचून काय पर्याय असतो ते बघा. त्याला जर्नल कुणाचं तरी बघून पूर्ण करायचं असतं. जुन्या प्रश्नपत्रिका सीनियरकडे असतात. मेसमध्ये बसायला टेबल हवं असतं, आजारी पडला तर डॉक्टरकडे न्यायला कुणीतरी हवं असतं. ज्यांच्याकडून हे सगळं मिळणार त्यांनीच नाव ठेवलेलं असतं. तो चिडला तर एकटा पडणार, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं. म्हणून तो हसतो.

त्यामुळे हसण्यावर जाऊ नका. तो स्वतःची ओळख करून देताना ते नाव वापरतो का, ते बघा. घरच्यांसमोर किंवा वर्गातल्या मुलींसमोर कुणी तसं हाक मारेल का, या विचारानं तो सावध होतो का? ते नाव घेणारी मुलं जमली की त्याला लगेच काहीतरी काम आठवतं का? त्यानं मेसला येण्याची वेळ बदलली का? खरं उत्तर वागण्यात मिळतं. खालचं उदाहरण त्यासाठीच सविस्तर देतोय.

भाषणात ‘फुकट्या’ या नावाचा उल्लेख केला होता. नेमकं काय झालं होतं?

ज्या मुलाची ही गोष्ट आहे त्याला विचारून, ओळख पटेल असे तपशील वगळून सांगतो.

तो टीएफडब्ल्यूएसच्या जागेवर आला होता, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेतून. ज्यांना ही योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा या योजनेसाठी असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं आणि प्रवेश मेरिटवरच मिळतो. माफ होते ती फक्त ट्यूशन फी. हॉस्टेल, मेस, परीक्षा फी, बाकीची फी त्याला भरावीच लागते. जागा जास्तीच्या असल्यामुळे कुणाची सीट त्यानं घेतलेली नसते. एकाच ब्रँचला टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ बहुतेक वेळा ओपनच्या वर जातो, कारण त्या मूठभर जागांवर हुशार मुलांची झुंबड असते. या मुलाचं पर्सेंटाइल त्याला नाव ठेवणाऱ्या बहुतेकांपेक्षा जास्त होतं.

सुरुवात इंट्रोच्या रात्री झाली. एका थर्ड इयरच्या मुलानं मोबाइलवर कॅप राउंडची अलॉटमेंट यादी उघडली आणि सीट टाइपचा रकाना मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. याचं नाव आल्यावर म्हणाला, “म्हणजे फुकट्या!” सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या रविवारी मेसला गुलाबजाम होते. त्या दिवशी गोडाला कूपन द्यावं लागतं. रांगेत मागून आवाज आला, “फुकट्याला कूपन कशाला?” मग ग्रुपवर ते नाव चालू झालं. मग कुणीतरी त्याचं स्टिकर बनवलं. हॉस्टेलच्या क्रिकेट टीमसाठी टी-शर्ट मागवायचे होते आणि पाठीवर छापायच्या नावांची यादी ग्रुपवर फिरत होती. त्यात त्याच्या नावापुढे कुणीतरी ‘फुकट्या’ भरलं आणि ते तसंच छापून आलं. त्यानं टी-शर्ट घेतला, पैसेही दिले. मॅचच्या दिवशी मात्र तो साधा पांढरा बनियन आणि ट्रॅक पॅन्ट घालून उतरला. छापलेला टी-शर्ट पिशवीतून न काढता कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून होता.

त्याच्या रूम पार्टनरला पहिली शंका आली ती टपरीवर. हा मुलगा सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायला लागला होता. कुणी पाकीट काढायच्या आत याचा फोन स्कॅनरवर असायचा. वडापाव असो, झेरॉक्स असो, पैसे हाच देणार. आणि महिनाअखेरीला त्यानं रूम पार्टनरकडे मेसचा ॲडव्हान्स भरायला उसने पैसे मागितले. शेतावर राबणाऱ्या बापाकडून येणारे मोजके पैसे तो ‘मी फुकट्या नाही’ हे सिद्ध करण्यात घालवत होता, आणि तेही त्याच मुलांना चहा पाजून. जोडीला त्यानं मेसला शेवटी यायला सुरुवात केली होती. पातेल्याच्या तळाला डाळ उरलेली असताना, हॉल रिकामा झाल्यावर.

तरीही समोर कुणी ते नाव घेतलं की तो हसायचाच. म्हणून म्हटलं, हसण्यावर जाऊ नका.

मग ते नाव बंद कसं केलं?

रूम पार्टनर माझ्याकडे आला. आम्ही सगळ्यात आधी त्या मुलालाच विचारलं की त्याला काय हवंय. हे महत्त्वाचं आहे. त्याच्या नकळत त्याच्यासाठी लढायला गेलात तर कॉरिडॉरमध्ये एक नवीन तमाशा होतो आणि त्याला दुसरं नाव पडतं. तो म्हणाला, तक्रार नको, माफी नको, पुढच्या बॅचच्या मुलांसमोर तरी मला माझ्या नावानं हाक मारा.

मग मी ज्यानं सुरुवात केली होती त्याच्या खोलीत गेलो, दोघंच असताना. चारचौघांत बोललो असतो तर त्याला चारचौघांतच उत्तर द्यावं लागलं असतं. तो म्हणाला, “अरे, पण तो तर हसतो.” मी त्याला टपरीचा आणि उसन्या पैशांचा हिशोब सांगितला. त्याला हे काहीच माहीत नव्हतं. त्यानं त्या दिवसापासून ते नाव टाकलं आणि ग्रुपवर त्याचा उल्लेख खऱ्या नावानं सुरू केला. सुरुवात करणाऱ्यानंच थांबवलं की अर्धं काम होतं, कारण बाकीचे त्याचीच री ओढत असतात.

मेसमध्ये वेगळीच गोष्ट निघाली. वाढणारे काका त्याला मोठ्या प्रेमानं त्याच नावानं हाक मारायचे. सगळी मुलं तसं म्हणतात, तर ते याचं आडनाव असेल असं त्यांना वाटलं होतं. अर्थ कळल्यावर ते फार ओशाळले. पुढे तो आला की काका त्याच्या नावापुढे ‘भाऊ’ लावून मोठ्यानं हाक मारायचे, आणि माझ्या मते बाकी कशाहीपेक्षा याचा परिणाम जास्त झाला. मेसमध्ये रोज दोन वेळा शंभर मुलांच्या कानावर खरं नाव पडायला लागलं.

ग्रुप ॲडमिननं जुनी यादी आणि स्टिकर काढायला लावली. दोन मुलं तरीही थांबली नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही ठरवलं की हसायचं नाही, आणि त्यांनी ते नाव घेतलं की शेजारच्यानं त्याच वाक्यात खरं नाव घेऊन उत्तर द्यायचं. “फुकट्या कुठंय?” “अमुक लायब्ररीत गेलाय.” यातला एक काही आठवड्यांत कंटाळला. दुसऱ्याला शेवटी रेक्टर सरांनी लेखी समज दिली. तो अजूनही अधूनमधून म्हणतो, आणि हा मुलगा त्याला ओ देत नाही. नंतर आलेल्या बॅचनं ते नाव ऐकलेलंच नाही. सगळं शंभर टक्के पुसलं जात नाही, पण राहण्याजोगं होतं.

इंट्रोमध्ये पर्सेंटाइल आणि राउंड विचारण्यात काय चुकीचं आहे? साधी चौकशीच तर आहे.

चौकशी साधी असती तर मुलगा उत्तर देऊन मोकळा झाला असता. आपल्याकडे “सीईटीला किती?”, “कुठल्या राउंडला लागला?” आणि “या पर्सेंटाइलला ही ब्रँच कशी मिळाली?” हे तीन प्रश्न पाठोपाठ येतात, आणि तिसऱ्या प्रश्नाला खोलीतल्या सगळ्यांना कळतं की विचारायचं आहे जात. उघड विचारायची हिंमत नसते म्हणून असा वळसा घेतात. त्यातून ‘कोटा’, ‘सवलत’, ‘स्कॉलरशिप’ अशी नावं पडतात. वरचा मुलगा कुठल्याही आरक्षणातून आला नव्हता, तरी त्या रकान्यानं त्याला नाव दिलं. जो आरक्षित जागेवरून येतो त्याच्या वाट्याला काय येत असेल याचा अंदाज करा.

कुठलं गाव, कुठलं कॉलेज, काय खेळतोस, काय वाचतोस, गाणी कुठली ऐकतोस, एवढं विचारलं तरी रात्र पुरत नाही. अलॉटमेंटची यादी इंट्रोत उघडायची नाही, हा नियम आमच्या विंगनं केला आहे. तुम्हीही करा.

भाषेवरून पडणाऱ्या नावांचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेल्याला ‘व्हर्नी’, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्याची नक्कल, मुंबईत घाटावरच्या मुलाला ‘घाटी’, ईशान्येकडून आलेल्याला चेहऱ्यावरून नाव. नक्कल एकदा झाली तर तोही हसेल. पण दर वेळी तोंड उघडल्यावर नक्कल व्हायला लागली की तो लॅबमध्ये प्रश्न विचारायचा बंद होतो, व्हायवाला गप्प बसतो. तुमच्या मस्करीची किंमत तो मार्कांत मोजत असतो.

जातीवरून किंवा जातीच्या नावानं हाक मारली तर?

इथे मस्करीचा प्रश्नच उरत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इतरांदेखत जातीवरून शिवीगाळ करणं किंवा अपमान करण्याच्या हेतूनं मुद्दाम हिणवणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. “आम्ही मित्र आहोत, तोही मला तसंच म्हणतो,” असं सांगणारे मला भेटले आहेत. त्यांना मी विचारतो, तो तुझ्या जातीचं नाव घेऊन तुला चारचौघांत खाली दाखवू शकतो का? तुझ्या जातीच्या नावाची शिवी कधी ऐकली आहेस का? यावर उत्तर मिळत नाही. दोघांनी एकमेकांना जात काढून बोललं तरी दोघांना लागणारा मार सारखा नसतो.

आईबहिणीवरून शिव्या सगळेच देतात. ती तर बोलायची पद्धतच आहे ना?

पद्धत आहे हे खरं. पंखा बंद पडला, बस चुकली, पेपर अवघड आला, की तोंडातून शिवी जाते. ती शिवी वाऱ्यावर जाते. मला ती आवडत नाही, पण मी त्यावर भाषण देत नाही. माझं बोलणं आहे ते माणसावर टाकलेल्या शिवीबद्दल.

तिथे एकच बघा: ती परत देता येते का? दोन रूम पार्टनर एकमेकांना सारख्याच शिव्या देत असतील आणि दोघंही त्याच तोंडानं एका ताटात जेवत असतील, तर तो त्यांचा हिशोब आहे. पण सीनियरनं दिली तर ती ‘प्रेमानं’ आणि ज्युनियरनं दिली तर ‘माज’, असं असेल तर ती शिवी प्रेमाची नाही. ज्याला उलट बोलता येत नाही त्याला शिवी देण्यात कसलीही मर्दुमकी नाही.

आणखी एक. आईवरून शिवी देताना समोरच्याच्या घरी काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. कुणाची आई नुकतीच गेलेली असते. कुणाची आई दवाखान्यात असते. आमच्याकडे एका मुलाची आई त्याच्या गावातल्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. हे कळल्यावर शिवीला ‘पोळ्या लाटणारी’ जोडलं गेलं. तिथे शिवीला चेहरा आला, आणि तो मुलगा पहिल्यांदा कुणाच्या तरी अंगावर धावून गेला. नंतर सगळे म्हणाले, “एवढ्याशा मस्करीवरून मारामारी केली.” ‘एवढंसं’ किती, हे ज्याची आई आहे त्यानं ठरवायचं असतं.

आणि ज्युनियर मुलांना ओळीत उभं करून शिव्या पाठ म्हणायला लावणं, शिवी घालून स्वतःची ओळख करून द्यायला लावणं, हे सरळ रॅगिंग आहे. त्यात ‘भीड मोडते’ वगैरे काही नाही.

नुसत्या नावानं हाक मारणं हे कायद्यानं रॅगिंग ठरतं का? हात तर कुणी लावला नाही.

हात लावायची गरज नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा स्वतंत्र कायदा आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा ओशाळलेपण वाटेल असं कुठलंही वागणं त्यात येतं. चिडवणं आणि शिवीगाळ यांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. एरवी विद्यार्थी स्वतःहून करणार नाही असं काही त्याला करायला लावणंही त्यातच येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरला तर कॉलेजमधून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. प्रमुखानंच टाळाटाळ केली तर त्याच्यावरही ठपका येतो.

याशिवाय यूजीसीचे २००९ चे नियम सगळ्या देशाला लागू आहेत. २०१६ च्या दुरुस्तीनं त्यात स्पष्ट केलं की रंग, वंश, धर्म, जात, लिंग, लैंगिक कल, दिसणं, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून कुणाही विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं, वगळणंसुद्धा, रॅगिंग आहे. ‘कुणाही’ हा शब्द लक्षात ठेवा. फर्स्ट इयरच असला पाहिजे असं नाही. बॅचमेटनं बॅचमेटला, किंवा डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्याला वर्गातल्यांनी दिलेला त्रासही त्यात बसतो. ‘फुकट्या’ हे नाव आर्थिक परिस्थितीवरून आहे. ‘डांबर’, ‘ढेमसं’, ‘बुटका’ ही दिसण्यावरून. दरवर्षी तुम्ही आणि पालक जे रॅगिंगविरोधी हमीपत्र भरता, ते यासाठीच असतं.

प्रत्येक टोपणनावावर तक्रार करा असं मी म्हणत नाही. रेषा कुठे आहे हे माहीत असलं की पहिल्याच वेळी बोलायला बळ येतं, म्हणून हे सगळं सांगितलं.

सीनियरनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं तर तिथे काय बोलू?

लवकर बोला, थोडं बोला. पहिले काही दिवस नाव कच्चं असतं. सरळ आवाजात, “दादा, माझं नाव अमुक आहे, तेच म्हणा,” एवढं पुरतं. का दुखतं याचं कारण घोळक्यात सांगू नका. कारण दिलंत की त्याचंच पुढचं नाव होतं. आणि मग त्या नावाला ओ देऊ नका. एकदाही नाही. हे अवघड आहे हे मला माहीत आहे, विशेषतः जेवायला बोलावताना तेच नाव वापरलं जातं तेव्हा. पण ज्या नावाला माणूस वळून बघत नाही ते फार काळ टिकत नाही.

दोन-तीन दिवसांत थांबलं नाही तर ज्यानं सुरुवात केली त्याला एकट्याला गाठा, किंवा एखाद्या भरवशाच्या सीनियरला घेऊन जा. ‘सर’ म्हणायची सक्ती कुणी करत असेल तर ती मानायची गरज नाही. दादा म्हणा, नावानं म्हणा.

मी नाव ठेवलं नाही, फक्त ऐकलं. माझा काय संबंध?

नाव ठेवणारा एक असतो, ते चालवणारे पन्नास असतात. टोपणनाव हशावर जगतं आणि हसू तुमचं असतं. तुम्ही भांडायला जाऊ नका. हसू नका, आणि पुढच्या वाक्यात त्याचं खरं नाव घ्या. वर सांगितलेल्या प्रकरणात सगळ्यात जास्त काम रूम पार्टनरनं केलं, आणि त्यानं एकदाही आवाज चढवला नाही.

यूजीसीच्या नियमांत हेही आहे की रॅगिंग करणारे नेमके कोण हे सापडलं नाही, तर संस्था सामूहिक शिक्षा करू शकते. पूर्ण विंगवर ती येऊ शकते.

मुलींच्या हॉस्टेललाही हेच लागू आहे का?

हो. तिथल्या एका सीनियर ताईनं मला सांगितलं ते असं: तिथे शिव्या कमी आणि कपडे, रंग, अंगकाठी, बोलणं यांवरून पडलेली नावं जास्त. ‘बहनजी’, ‘काकू’ अशी. आणि आवाज न चढवता, ग्रुपमधून वगळून चालवलेला छळ जास्त. अशा कारणांवरून वाढदिवसाला सगळ्यांना बोलावून एकीला सोडणं, हे नियमांतल्या ‘वगळणं’ या शब्दात बसतं. त्यावर बोलायला त्याच पुढे येतील तर बरं, म्हणून मी इथे थांबतो.

तक्रार करायची वेळ आली तर कशी करायची? पुरावा काय देणार?

आधी जमा करा, मग बोला. ग्रुपवरचे मेसेज, स्टिकर, तुमचं सेव्ह केलेलं नाव, यांचे तारखेसह स्क्रीनशॉट काढा. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि त्यानंतरच ग्रुप सोडा. रागाच्या भरात आधी ग्रुप सोडून सगळं डिलीट करणारे बरेच असतात, आणि मग हातात काही उरत नाही. तोंडी प्रकार झाला असेल तर त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, जागा, नेमके शब्द, कोण कोण होतं. शब्द गाळू नका. “मला घाण बोलले” असं लिहिलेल्या तक्रारीवर समितीला काही करता येत नाही.

मग रेक्टर, आणि तिथे हललं नाही तर कॉलेजची अँटी-रॅगिंग समिती. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सात दिवसांची मुदत या लेखी अर्जापासून धरता येते. तोंडी सांगितलं तर “बघतो” यावर महिना जातो. कॉलेजमध्ये सांगायची सोय वाटत नसेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते, आणि helpline@antiragging.in या पत्त्यावर मेल करता येतो. तुमच्या वतीनं मित्रानं किंवा पालकांनी कळवलं तरी चालतं. माहिती देणाऱ्याची ओळख जपायची आणि त्याला त्रास होऊ द्यायचा नाही, ही जबाबदारी नियमांनी संस्थेवर टाकली आहे. अर्जात तेही एका ओळीत मागा.

झोप लागत नाही, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटतो, असं काही होत असेल तर पुरावा वगैरे नंतर. त्याच रात्री रूम पार्टनरला उठवा, घरी फोन करा.

ते नाव मीच ठेवलं होतं आणि आता ते सगळीकडे पसरलंय. कसं थांबवू?

आधी त्याला एकट्याला भेटून सांगा: “ते नाव मी सुरू केलं, मी थांबवतोय.” त्याच्याकडून “अरे, चालतं रे” वदवून घेऊ नका. तो म्हणेलच, आणि तुम्ही तेच सुटका म्हणून धराल. मग जिथे ते नाव चालतं तिथे तुम्हीच पहिल्यांदा खरं नाव घ्या: ग्रुपवर, मेसमध्ये, मैदानावर. कुणी जुनं नाव घेतलं तर “आता बंद केलंय ते” एवढं म्हणा. ग्रुपवर लांबलचक माफीनामा टाकू नका, केक कापून समेट करू नका. त्यात पुन्हा तोच मध्यभागी उभा राहतो आणि सगळ्यांसमोर त्याला हसावं लागतं. टी-शर्ट, बॅनर, फ्रेशर्सच्या व्हिडिओत कुठे ते नाव छापलं किंवा टाकलं गेलं असेल तर ते बदलायचा खर्च तुम्ही करा.